दुबईच्या घरमालकाला गळतीचं पत्र: मराठीतून अरबीत कसं न्यावं

आमच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा दुबईत देरा भागात राहतो. मूळ गाव खानापूर तालुक्यात. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याने मला व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिलेलं एक पत्र पाठवलं, खाली एवढंच: "दादा, अरबीत करून द्या, मालकाला द्यायचंय." मी दुबईत अकरा वर्षं एका टायपिंग सेंटरमध्ये बसून लोकांचे अर्ज अरबीत टाइप केले आहेत, त्यामुळे बेळगावात परत आल्यावरही अशी कामं दारात येतात. त्याचं पत्र असं होतं:

"मालक साहेब, नमस्कार. तुमच्या घरात राहून दोन वर्षं झाली, कधी तक्रार केली नाही. पण आता बाथरूमच्या वरनं पाणी गळालंय. वॉचमनला दोनदा सांगितलं, तो आज बघतो उद्या बघतो म्हणतोय. पोरगं लहान आहे. भिंतीला बुरशी आलीय, कपाट फुगलंय. पार नुकसान झालंय. आता पाणी डोक्यावरून गेलंय. लवकर काय ते करा, नाहीतर भाडं देणार नाही."

मराठीत हे पत्र चांगलं आहे. वाचणाऱ्याला त्रास दिसतो, राग दिसतो. पण जसंच्या तसं अरबीत नेलं असतं तर घोटाळा झाला असता. तो का, आणि काय करावं, हे याच पत्रावरून सांगतो.

आधी बघा: मालक अरबी वाचतो का?

दुबईतले कितीतरी घरमालक भारतीय, पाकिस्तानी किंवा इराणी असतात. भाडेकराराच्या कागदावर मालकाचं नाव असतं, ते आधी वाचा. मालक अरब असेल, किंवा त्याच्या वतीने कारभार बघणारं ऑफिस अरबीत पत्रव्यवहार करत असेल, तरच हा खटाटोप करा. आणखी एक कारण असू शकतं. प्रकरण पुढे दुबईच्या भाडेतंटा केंद्रात गेलं, तर तिथलं कामकाज अरबीत चालतं. तुम्ही सुरुवातीलाच अरबीत सही करून दिलेलं पत्र हाताशी असलं की त्याचा उपयोग होतो.

मराठी पत्र आधी मराठीतच सरळ करा

अरबी सुरू करण्याआधी मी त्याला फोन केला आणि चार प्रश्न विचारले. पाणी नक्की कुठून येतं? कधीपासून? वॉचमनला कोणत्या तारखांना सांगितलं? मालकाने नेमकं काय करायला हवं आहे?

पहिल्या प्रश्नालाच तो अडखळला. आपल्याकडे खानापूरच्या बाजूला गळती म्हटलं की पावसाळा, सरकलेली कौलं आणि खाली ठेवलेलं पातेलं. पाणी कुठून येतं हे कुणी विचारत नाही, ते आभाळातूनच येतं. दुबईत तसं नाही. तिथे छतातून पाणी आलं तर ते बहुतेक वेळा वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं, भिंतीतल्या पाइपचं, नाहीतर एसीच्या निचऱ्याच्या नळीचं असतं, आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळा माणूस करतो. म्हणून मी त्याला सांगितलं, एसी दोन तास बंद ठेव आणि बघ. थेंब चालूच राहिले. म्हणजे एसीचा संशय बराचसा गेला. तरीही पत्रात "वरच्या फ्लॅटमुळे" असं लिहायचं नाही असं ठरवलं. जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, कारण शोधणं मालकाच्या माणसावर सोडायचं. चुकीचं कारण लिहिलं की समोरचा तेवढंच खोडून काढतो आणि गळती तशीच राहते.

मराठीत गळणं, टपकणं, झिरपणं, पाझरणं असे शब्द आपण सहज फिरवतो. अरबीत इथे 'तसर्रुब' हा शब्द धरा, म्हणजे गळती. त्यात गळतीचे बरेच प्रकार भागतात. भिंत नुसती दमट असेल आणि थेंब दिसत नसेल, तर 'रुतूबा', म्हणजे ओल. हा फरक ठेवलाच पाहिजे, कारण 'रुतूबा' एवढंच लिहिलं तर मालक रंगारी पाठवेल, प्लंबर नाही. प्लंबरला अरबीत 'सब्बाक' म्हणतात.

फोननंतर मराठी मसुदा असा झाला: फ्लॅट क्रमांक ३०४, ३ मार्च २०२५ पासून बाथरूमच्या छतातून पाणी गळते, पाणी शेजारच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पोचले आहे, रंगाचे पोपडे निघाले, बुरशी आली, लाकडी कपाट खराब झाले, वॉचमनला ५ आणि ९ मार्चला सांगितले, पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कारण शोधून दुरुस्ती करून द्यावी. सोबत फोटो.

दोन वाक्यं काढून टाका

पहिलं, "पाणी डोक्यावरून गेलंय." पाण्याच्याच पत्रात हे वाक्य शब्दशः गेलं तर वाचणारा समजेल की घरात पूर आलाय आणि पोरगं बुडतंय. गंमत म्हणजे अरबीत याला जवळजवळ जुळी म्हण आहे: 'बलग़स्सैलुज़्ज़ुबा', म्हणजे पूर उंचवट्यावरच्या खड्ड्यांपर्यंत पोचला. सिंह पकडायला उंच जागी खणलेले ते खड्डे. तिथपर्यंत पाणी चढलं म्हणजे हद्द झाली. म्हण बरोबर बसते म्हणून मोह होतो. पण औपचारिक पत्रात ती घातली की ते भांडणाचं पत्र होतं. म्हण दोघांत तंटा पेटल्यावरची आहे, पहिल्या विनंतीची नाही.

दुसरं, "नाहीतर भाडं देणार नाही." हे मी कितीही विनवणी केली तरी लिहून देत नाही. दुबईच्या २००७ च्या कायदा क्रमांक २६ प्रमाणे भाडं देण्याबद्दल नोटीस मिळाल्यावर तीस दिवसांत भाडं दिलं नाही, तर मालकाला घर खाली करून मागता येतं. म्हणजे गळतीचं पत्र लिहिता लिहिता आपणच आपल्या विरुद्धचा कागद तयार करून द्यायचा. मालकावर जबाबदारी असतेच. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर, भाडेकरूच्या वापरात अडथळा आणणारा दोष दुरुस्त करणं मालकाकडे येतं. म्हणून करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचावं. छोट्या दुरुस्त्या भाडेकरूवर टाकणारी ओळ तिथे असू शकते.

मी हे कलम पहिल्या पत्रात घालत नाही. आपल्याकडेही पहिल्याच भेटीत वकिलाचं नाव काढलं की माणूस दार लावून घेतो. सात दिवस गेले आणि काही झालं नाही, तर दुसऱ्या पत्रात कलम येतं.

ओळखीचे वाटणारे शब्द

हा भाग सर्वांत जास्त फसवतो, म्हणून जरा थांबतो.

मराठीत शेकडो अरबी शब्द फारसीच्या वाटेने आले आहेत. आमच्या भागात तर ते कानात तीनदा पडतात. मराठीत तक्रार, कन्नडात 'तकरारु', शेजारच्या दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी तकरार. मराठीत करार, कन्नडात 'करारु'. तीन भाषांनी ग्वाही दिल्यावर माणसाला वाटतं, अरबीतही तेच असणार. मलाही वाटलं होतं. कामाला लागल्याच्या पहिल्या महिन्यात मी एका अर्जाचा विषय मोठ्या विश्वासाने 'तकरार' असा टाइप केला. समोर बसलेल्या सुदानी सहकाऱ्याने वाचून विचारलं, "काय पुन्हा पुन्हा होतंय?" कारण अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती, एकच गोष्ट परत परत करणं. तक्रारीला अरबीत 'शकवा' म्हणतात.

या पत्रात असे चार शब्द आडवे येतात. तक्रारीचं सांगितलंच. 'करार' अरबीत निर्णय होतो. भाडेकरार म्हणजे 'अक़्दुल ईजार'. ईजार म्हणजे आपला इजारा, तो मात्र बरोबर आहे. 'नुकसान' अरबीत कमतरता, घट. कपाट खराब झालं हे सांगायला 'तलफ़' किंवा 'अद्रार' हवं. आणि 'हरकत' म्हणजे अरबीत हालचाल, म्हणून "आपली हरकत नसेल तर" हे वाक्य त्या शब्दाने करायला गेलात तर काहीतरी हलायला लागेल. वकील हाही शब्द लक्षात ठेवा. अरबीत 'वकील' म्हणजे प्रतिनिधी. मालकाचा भाडं गोळा करणारा माणूसही वकीलच असतो. कोर्टातला वकील म्हणजे 'मुहामी'.

सरळ वापरता येतील असेही शब्द आहेत: तारीख, इमारत, मालक. पण कायद्याच्या भाषेत घरमालक म्हणजे 'मुअज्जिर', भाड्याने देणारा, आणि भाडेकरू म्हणजे 'मुस्तअजिर', भाड्याने घेणारा. एकाच धातूचे दोन शब्द, मधल्या 'स' आणि 'त' ने अर्थ उलटतो. हे दोन उलटसुलट झाले की पत्रात मालकच स्वतःकडे दुरुस्ती मागतोय असं होतं. पत्र संपल्यावर दोन्ही शब्द शोधून प्रत्येक वेळी तपासा.

अरबी पत्राचा माथा

मराठी पत्रात जिथे आपण "स.न.वि.वि." लिहितो, तिथे अरबीत 'तहिय्यतन तय्यिबतन व बअद' येतं, म्हणजे शुभेच्छा, आणि त्यानंतर... 'बअद' नंतर मजकूर सुरू होतो, जसं आपलं "विनंती विशेष". नावाच्या आधी 'अस्सय्यिद' आणि नंतर 'अल-मुहतरम', म्हणजे मा. आणि महोदय दोन्ही बाजूंनी. मालकीण असेल तर 'अस्सय्यिदा' आणि 'अल-मुहतरमा'.

```
التاريخ: 12 مارس 2025
السيد/ .......... المحترم
تحية طيبة وبعد،
الموضوع: طلب إصلاح تسرّب مياه في الشقة رقم 304
```

विषयात 'शकवा' न लिहिता 'तलब इस्लाह' लिहिलंय, दुरुस्तीची विनंती. ही माझी सवय. तक्रार म्हटलं की कुणाविरुद्ध हा प्रश्न येतो, विनंतीला उत्तर द्यावं लागतं.

तारखेत महिना शब्दात लिहा. अरबी उजवीकडून डावीकडे चालते पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात, आणि तिरक्या रेघांची तारीख कधीकधी स्क्रीनवर उलटी पडते. आखातात मार्चला 'मारिस' म्हणतात, तो शब्द घातला की भानगड मिटते. आकडे मी साधे इंग्रजी वळणाचे वापरतो, अमिरातीत ते चालतात. अरबी वळणाचे आकडे वापरायचेच असतील तर डोळ्यांत तेल घालून बघा: त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि चार बराचसा आपल्या ६ सारखा दिसतो. नाहीतर ३०४ चा दुसऱ्याच कुणाचा फ्लॅट होऊ शकतो.

मजकूर

```
أنا مستأجر الشقة المذكورة أعلاه، وأودّ إبلاغكم بأن المياه
تتسرّب من سقف الحمّام منذ يوم 3 مارس 2025، وقد وصلت إلى
جدار غرفة النوم المجاورة.

وقد أدّى ذلك إلى تقشّر الدهان وظهور العفن على الجدار وتلف
خزانة خشبية. وسبق أن أبلغتُ حارس المبنى مرّتين، في 5 و9
مارس، ولم يُصلَح الخلل حتى تاريخه.
```

अर्थ: वर नमूद फ्लॅटचा मी भाडेकरू असून आपणांस कळवू इच्छितो की ३ मार्च २०२५ पासून बाथरूमच्या छतातून पाणी गळत आहे आणि ते शेजारच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पोचले आहे. त्यामुळे रंगाचे पोपडे निघाले, भिंतीवर बुरशी आली व एक लाकडी कपाट खराब झाले. इमारतीच्या पहारेकऱ्याला ५ व ९ मार्च रोजी, असे दोनदा कळवले, परंतु आजपावेतो दुरुस्ती झालेली नाही.

इथे तीन ठिकाणी मराठी माणूस चुकतो. 'मियाह' म्हणजे पाणी, हे अरबीत अनेकवचन आहे, आणि निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी लागतं. म्हणून 'ततसर्रब'. "दोनदा" साठी दोन हा आकडा लागत नाही, 'मर्रतैन' या एका शब्दात दोन्ही वेळा येतात. आणि लिहिणारी बाई असेल तर पहिल्याच ओळीत आणि शेवटी सहीच्या वर 'मुस्तअजिर' चं 'मुस्तअजिरा' करावं लागतं. 'अब्लग़तु' हे मात्र दोघांना तेच.

आपण एका माणसालाही आदराने "आपण" म्हणतो, तसं अरबीत शेवटी 'कुम' लावतात: 'इब्लाग़कुम', आपणांस कळवणं. एकदा 'कुम' धरलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच एकवचनी 'क' आला की आधी आपण, मग तू, असं होतं.

लहान मुलाचं वाक्य मी काढलं, यावर काकू नाराज झाल्या. "पोराचं लिही की रे, त्यांनाही पोरं असतील." बरोबर आहे त्यांचं. पण बुरशीचे फोटो सोबत जोडलेत, आणि मालकाला जे दुरुस्त करता येतं तेवढंच पत्रात ठेवायचं ठरवलं होतं. कपाटाची भरपाई मागायची असेल तर त्यासाठी किंमत आणि पावती लागते, ती वेगळी मागणी आहे.

मागणी आणि शेवट

मराठीतलं "तरी कृपया... करून द्यावी ही विनंती" अरबीत छान बसतं. 'लिज़ा', म्हणजे म्हणून. 'अर्जू अत्तकर्रुम बि', म्हणजे कृपा करून. आणि पुढे क्रियेचं नाम.

```
لذا أرجو التكرّم بالكشف عن سبب التسرّب وإصلاحه خلال سبعة
أيام من تاريخ استلام هذه الرسالة.

وتفضلوا بقبول فائق الاحترام والتقدير،
المستأجر: ..........
التوقيع: ..........
المرفقات: صور للتسرّب
```

"लवकर" हा शब्द टाळा, दिवस सांगा. सात दिवसांना 'सब्अत अय्याम'. मुदत बदलली तर नुसता आकडा बदलून चालत नाही: तीन ते दहापर्यंत 'अय्याम' हे अनेकवचन, पण चौदा दिवसांना 'अर्बअत अशर यौमन', म्हणजे दिवस पुन्हा एकवचनात. छतातून पाणी टपकत असेल तर सात दिवस पुरे. विजेच्या बोर्डाजवळ पाणी आलं असेल तर पत्राची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, बोर्ड बंद करा, पत्र मागाहून.

सात दिवसांनंतरच्या दुसऱ्या पत्रात मागणीनंतर ही एक ओळ जाते:

```
وذلك وفقًا للمادة 16 من القانون رقم 26 لسنة 2007 في إمارة دبي.
```

हा कायदा दुबईचा आहे. शारजा किंवा अबुधाबीत राहणाऱ्याने तो उचलून घालू नये, तिथले भाड्याचे कायदे वेगळे आहेत.

नाव

अरबीत प, च, ट, ड नाहीत. पाटील 'बातील' होतो, चव्हाण कुणी 'त्शाफ़ान' लिहितो कुणी 'शौहान'. तुम्हाला कानाला बरोबर वाटेल तसं लिहू नका. एमिरेट्स आयडीवर नाव अरबीत छापलेलं असतं, ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, कितीही विचित्र वाटलं तरी. पत्रावरचं, आयडीवरचं आणि करारावरचं नाव एकच दिसलं पाहिजे. मालकाचं नावही करारातूनच घ्या.

पाठवण्याआधी

पत्र पीडीएफ करून फोनवर उघडून बघा. काही ॲपमध्ये अरबी अक्षरं एकमेकांपासून सुटतात आणि डावीकडून लावली जातात; शब्द जोडलेले न दिसता सुटी अक्षरं दिसली तर ती फाइल पाठवू नका. स्वल्पविरामही उलटा, '،' असा हवा.

मग अरबी येणाऱ्या, पण मूळ मराठी पत्र न बघितलेल्या माणसाला ते वाचायला द्या. त्याला विचारा: कोण लिहितोय, कुठे गळतंय, कधीपासून, काय हवंय, किती दिवसांत. पाचांपैकी एकही उत्तर अडलं तर ती ओळ पुन्हा लिहा. मी माझ्या जुन्या सहकाऱ्याला पाठवलं होतं. त्याने चार उत्तरं झटकन दिली आणि मग म्हणाला, "कोणत्या बाथरूमचं? फ्लॅटमध्ये दोन आहेत का?" एकच होतं, म्हणून ओळ तशीच राहिली. तुमच्याकडे दोन असतील तर सांगायला हवं.

मराठी मसुदा तारीख घालून जपून ठेवा. तुम्ही सही केलेलं अरबी पत्र हे भाषांतर राहत नाही, ते तुमचंच पत्र होतं, आणि त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला ओळीने सांगता आलं पाहिजे. प्रकरण केंद्रात गेलं आणि मराठी किंवा इंग्रजी कागद दाखवायचे झाले, तर ते परवानाधारक कायदेशीर भाषांतरकाराकडून शिक्क्यासह करून घ्यावे लागतात. तिथे माझ्यासारख्याचं काम नाही.

पत्र कागदावर देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि ईमेलनेही पाठवा. सात दिवस कधी सुरू झाले हे त्यावरून ठरतं.

उत्तर आलं तर ते नीट वाचा. काकूंच्या मुलाला तिसऱ्या दिवशी दोन शब्द आले, 'जारिल अमल'. त्याने आनंदाने मला फोन केला, "झालं दादा!" झालेलं नव्हतं. 'जारिल अमल' म्हणजे काम चालू आहे; झालं असेल तर 'तम्म' येतं. मी म्हटलं, तम्म येईपर्यंत बाथरूममधली बादली काढू नकोस. पाचव्या दिवशी सब्बाक आला, वरच्या फ्लॅटच्या फरशीखालची जोडणी काढून बदलली, आणि संध्याकाळी मालकाच्या ऑफिसातून ते दोन अक्षरांचं उत्तर आलं.